वंशावळीवरून रोगाचा माग

आपल्याकडे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत मोठ्या हौसेने छापून काढले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही घराण्यांच्या कैक पिढ्यांची नावे सापडतात. या वंशावळी चाळल्या, तर त्यांत मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे अशी पुरुषांच्या नावांची माळ दिसते. मुलगी लग्न होऊन परघरी गेली की तिचे नाव एक तर गळते, किंवा “अमक्या गावच्या अमक्यांकडे दिली” एवढ्यावर तिची नोंद थांबते. वारसाहक्क आणि पिंडदान यांच्या कामी अशी वंशावळ पुरेशी असेल; परंतु एखादा रोग घराण्यात कोणत्या वाटेने उतरत आला हे जाणू पाहणाऱ्या वैद्याला ती फारशी उपयोगी पडत नाही. कारण काही रोग असे आहेत की, ते बरोबर त्या गळलेल्या नावांच्या आडूनच प्रवास करतात.

असा एक रोग म्हणजे हिमोफिलिया. या रोग्याच्या रक्तात ते साखळण्यास लागणारा एक घटक नसतो किंवा फारच अल्प असतो. त्यामुळे लहानशा मारानेही अंगात, विशेषतः सांध्यांत, रक्त झिरपत राहते. या रोगाची जगातील सर्वांत प्रसिद्ध वंशावळ इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची आहे. तिच्या पुत्रपौत्रांची आणि दौहित्रांची नावे, जन्ममृत्यूची वर्षे आणि दुखणी इतिहासात नोंदलेली असल्यामुळे, आनुवंशिक रोगाचा माग कसा काढावा हे शिकण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. श्रोत्यांपैकी कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसले असेल, तर पुढील विवेचन त्याला अधिक सोपे जाईल.

वैद्यकातील वंशावळ मांडण्याचे संकेत अगदी साधे आहेत. पुरुषासाठी चौकोन काढावयाचा, स्त्रीसाठी वर्तुळ. ज्याला रोग आहे त्याची आकृती काळी भरावयाची; निरोगी असेल त्याची कोरी ठेवावयाची. जी स्त्री स्वतः निरोगी आहे, पण जिच्याकडून रोग पुढे जातो, तिच्या वर्तुळात मधोमध एक ठिपका द्यावयाचा. अशा स्त्रीला वाहक म्हणतात. नवराबायकोंना आडव्या रेघेने जोडावयाचे आणि ती दोघे मुळातच एकमेकांच्या नात्यातील असतील, तर ती रेघ दुहेरी ओढावयाची. त्यांची अपत्ये खालच्या ओळीत, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, डावीकडून उजवीकडे लिहावयाची. एक ओळ म्हणजे एक पिढी. जो मरण पावला असेल त्याच्या आकृतीवर तिरपी रेघ मारावयाची. एवढ्या सामग्रीवर बहुतेक सर्व काम होते.

आता व्हिक्टोरिया राणीला पहिल्या ओळीत ठेवावे. तिला नऊ अपत्ये झाली: चार मुलगे आणि पाच मुली. मुलग्यांपैकी तिघे निरोगी होते. चौथा लिओपोल्ड, जन्म १८५३, हा हिमोफिलियाचा रोगी होता. १८८४ मध्ये फ्रान्समधील कान या गावी तो पडला आणि त्या दुखापतीने तिसाव्या वर्षीच मरण पावला. म्हणजे दुसऱ्या ओळीत एकच चौकोन काळा झाला. पाच मुलींपैकी एकीलाही रोग नव्हता.

तिसऱ्या ओळीत चित्र बदलते. राणीची दुसरी मुलगी अ‍ॅलिस जर्मनीतील हेस घराण्यात दिली होती. तिचा मुलगा फ्रीडरिख १८७३ मध्ये खिडकीतून पडून रक्तस्रावाने वारला. त्या वेळी तो अवघा दोन वर्षांचा होता. राणीची धाकटी मुलगी बिआट्रिस हिचा मुलगा, त्याचेही नाव लिओपोल्डच, हाही याच रोगाने ग्रस्त होता. चौथ्या ओळीत काळे चौकोन आणखी वाढतात. अ‍ॅलिसची मुलगी आयरीन प्रशियाच्या राजपुत्राला दिली होती. तिच्या तीन मुलांपैकी थोरला वाल्डेमार आणि धाकटा हाइनरिख हे दोघे रोगी निघाले आणि हाइनरिख १९०४ मध्ये चार वर्षांचा होऊन गेला. अ‍ॅलिसची दुसरी मुलगी रशियाची सम्राज्ञी अलेक्झांड्रा झाली. तिला चार मुलींवर झालेला एकुलता एक मुलगा अलेक्सेई, जन्म १९०४, हाही तसाच. बिआट्रिसची मुलगी एना स्पेनची राणी झाली. तिच्या मुलांपैकी थोरला अल्फोन्सो आणि धाकटा गोन्झालो हे रोगी होते. शेवटी, स्वतः रोगी असलेल्या पहिल्या लिओपोल्डच्या मुलीचा मुलगा रुपर्ट हा १९२८ मध्ये, फ्रान्समध्ये मोटार-अपघात झाल्यानंतर, एकविसाव्या वर्षाच्या आतच मरण पावला.

हा कागद समोर ठेवून आता तपासाला आरंभ करावयाचा. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बावीस जोड्या स्त्रीपुरुषांत सारख्याच असतात. तेविसावी जोडी मात्र स्त्रीमध्ये दोन ‘एक्स’ सूत्रांची आणि पुरुषामध्ये एक ‘एक्स’ व एक ‘वाय’ अशी असते. बाप मुलीला आपले एक्स देतो आणि मुलाला वाय देतो. मुलाचे एक्स नेहमी आईकडून आलेले असते. आता, एकाच जनुकातील दोषामुळे होणारे बहुतेक रोग तीन वाटांपैकी एकीने उतरतात. दोष बावीस जोड्यांपैकी एखाद्या सूत्रावर असून त्याची एक प्रत रोग होण्यास पुरते, ही प्रभावी वाट. दोष तेथेच आहे, पण रोग होण्यास आईची आणि बापाची अशा दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात, ही अप्रभावी वाट. आणि दोष एक्स सूत्रावर असून, स्त्रीची दुसरी प्रत तिला सावरून घेते, परंतु पुरुषापाशी दुसरी प्रतच नसल्यामुळे त्याला रोग होतो, ही तिसरी वाट. वंशावळ वाचणाराने या तिन्ही वाटांवर संशय घ्यावा आणि कागदावरील पुराव्याने एकेक वाट बाद करीत जावे.

प्रथम प्रभावी वाट घ्यावी. या वाटेने जाणाऱ्या रोगाची वंशावळ कशी दिसते, याचा पहिला नमुना अमेरिकेतील विल्यम फॅराबी याने १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हानियातील एका कुटुंबात पुष्कळांची बोटे जन्मतःच आखूड होती. त्याने पाच पिढ्यांचा शोध घेतला, तेव्हा असे आढळले की, ज्याची बोटे आखूड त्याच्या आईबापांपैकी एकाची ती आखूड असतातच. ज्यांची बोटे सरळ-लांब, त्यांच्या मुलांत आखूड बोटे पुन्हा दिसत नाहीत. आणि बाधिताच्या अपत्यांपैकी सुमारे निम्म्यांना, मुलगा असो वा मुलगी, ती लाभतात. म्हणजे काळ्या आकृत्यांची साखळी वरून खाली, कोठेही न तुटता येते. आता व्हिक्टोरियाच्या कागदाकडे पाहावे. लिओपोल्डचे आईबाप दोघेही निरोगी. फ्रीडरिखचे दोघेही निरोगी. अलेक्सेई, वाल्डेमार, अल्फोन्सो यांचेही तसेच. प्रत्येक काळ्या चौकोनाच्या वर दोन कोऱ्या आकृत्या आहेत. प्रभावी रोगातही कधीकधी एखादी व्यक्ती दोष बाळगून निरोगी राहते किंवा एखाद्या मुलात दोष नव्यानेच उपजतो. त्यामुळे साखळी एखाद्या ठिकाणी तुटल्यास गोंधळून जाऊ नये. पण येथे साखळी एका ठिकाणी तुटलेली नसून ती जुळलेलीच कोठे नाही. आणखी असे की, ज्यांना रोग चुकला त्या सर्व मध्यस्थ व्यक्ती स्त्रियाच आहेत; ज्यांना झाला ते सर्व पुरुष आहेत. योगायोगाने एवढे साधणे संभवनीय नाही. प्रभावी वाट बाद झाली.

दुसरा संशय अप्रभावी वाटेवर. तिचा पहिला मानवी दाखला लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड याने १९०२ मध्ये दिला. ज्या मुलांचे मूत्र हवेत राहिले असता काळे पडते, त्या अल्काप्टोनुरिया नावाच्या विकाराचा तो अभ्यास करीत होता. या मुलांचे आईबाप निरोगी असत. बाधित व्यक्ती बहुधा एकाच पिढीत, भावंडे-भावंडे अशी आढळत. आणि त्या आईबापांचे परस्परांशी जवळचे नाते असण्याचे प्रमाण विलक्षण होते. कारण उघड आहे. दुर्मिळ दोषाची एकेक प्रत बाळगणारी दोन माणसे सहजी एकत्र येत नाहीत. परंतु दोघांचे आजोबा एकच असतील, तर त्या आजोबांकडचा दोष दोन वाटांनी उतरून नातवंडांच्या विवाहात पुन्हा एकत्र येऊ शकतो. दख्खनमध्ये मामेबहिणीशी, आणि कर्नाटक-तेलंगणात काही समाजांत सख्ख्या भाचीशीही, विवाह करण्याची चाल आहे. अशा घरांतील वंशावळ मांडताना दुहेरी रेघ विसरली, तर निदानच चुकते. मामे-आते भावंडांच्या विवाहातून झालेल्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याचा संभव सोळांत एक असतो; मामा-भाचीच्या विवाहात तो आठांत एक होतो.

याच वाटेच्या संदर्भात एक हिशेब पुष्कळांना चकवतो. वाहक आईबापांच्या अपत्यांत प्रत्येक वेळी चारांत एक रोगी, दोन वाहक आणि एक पूर्ण दोषमुक्त, असा संभव असतो. रोगी मुलाचा निरोगी भाऊ विचारतो, “मी वाहक असण्याचा संभव किती?” पुष्कळ विद्यार्थी घाईने निम्मा म्हणून सांगतात. पण हा भाऊ रोगी नाही हे तर समोर दिसतेच आहे. तेव्हा चारांतला रोग्याचा भाग वगळावयास हवा. उरलेल्या तिघांत दोघे वाहक. म्हणून उत्तर दोन-तृतीयांश. त्याचप्रमाणे “पहिले मूल रोगी झाले, आता पुढची तीन सुखरूप” ही समजूतही चुकीची आहे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक हा संभव नव्यानेच सुरू होतो.

आता व्हिक्टोरियाच्या वंशावळीत अप्रभावी वाट बसते का? आईबाप निरोगी आणि मुले रोगी, एवढे तर जुळते. शिवाय या कागदावर एक दुहेरी रेघही आहे. आयरीनचा नवरा प्रशियाचा हेन्री हा व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीचा मुलगा, म्हणजे आयरीनचा सख्खा मावसभाऊ होता. आपल्याकडे मावसभावंडे ही भावंडेच मानली जातात. युरोपातील राजघराण्यांत असे विवाह होत. मग त्यांच्या दोन मुलांचा रोग हा या नात्याचा परिणाम समजावा काय? असे समजण्याचा मोह होतो, आणि येथेच सावध राहावयास हवे. अप्रभावी रोगाला बापाकडची सदोष प्रतही लागते. हेन्रीच्या बाबतीत ती आली असे घटकाभर मानता येईल. परंतु अलेक्सेईचा बाप रशियाचा निकोलस आणि अल्फोन्सोचा बाप स्पेनचा राजा हे व्हिक्टोरियाचे वंशज नव्हते. अ‍ॅलिसचा आणि बिआट्रिसचा नवराही नव्हता, आणि रुपर्टचा बापही नव्हता. इतक्या भिन्न घराण्यांतून आलेल्या प्रत्येक जावयाने तोच दुर्मिळ दोष बरोबर आणला, असे धरावे लागेल. ते धरले तरीही एक प्रश्न उरतोच: मुली का वाचल्या? अप्रभावी रोग मुलामुलींत भेद करीत नाही. तेव्हा आयरीन आणि हेन्री यांचे नाते खरे असले, तरी रोगाच्या बाबतीत ते निरर्थक आहे. वंशावळीत दिसणारे प्रत्येक नाते रोगाचे कारण नसते. दुसरी वाटही बाद झाली.

राहिली तिसरी. एक्स सूत्रावरील दोषाची खूण मराठी माणसाला आपल्या नातेवाचक शब्दांत फार सहज सांगता येते. “मूल मामावर गेले” असे आपण म्हणतो. या वाटेचा रोग खरोखरीच मामावर जातो. थोरला लिओपोल्ड हा फ्रीडरिखचा मामा. फ्रीडरिख हा वाल्डेमारचा, हाइनरिखचा आणि अलेक्सेईचा मामा. धाकटा लिओपोल्ड हा अल्फोन्सो व गोन्झालो यांचा मामा. मामा आणि भाचा यांच्या मध्ये दर वेळी एक निरोगी बहीण उभी आहे. तिच्या दोन एक्स सूत्रांपैकी एक सदोष. तिच्या प्रत्येक मुलाला रोगाचा संभव निम्मा आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याचा संभव निम्मा.

लिओपोल्डची स्वतःची संतती या नियमाची दुसरी बाजू दाखविते. त्याला एक मुलगी आणि एक मुलगा झाला. मुलाला बापाचे वाय सूत्र मिळाले. त्यामुळे बाप रोगी असूनही मुलगा चार्ल्स एडवर्ड सर्वस्वी निरोगी आणि त्याचा वंशही या दोषापासून मुक्त. मुलीला मात्र बापाचे एकमेव एक्स मिळणारच. म्हणून ती वाहक असण्याविषयी संशय घेण्याचे कारणच नाही, ती निश्चितपणे वाहक. तिचाच मुलगा रुपर्ट. आजोबा रोगी, मुलगी निरोगी, दौहित्र रोगी: ही या वाटेची दुसरी खूण. आणि तिसरी खूण सर्वांत निर्णायक: रोग बापाकडून मुलाला कधीही जात नाही. एखाद्या वंशावळीत रोगी बापापासून मुलाला रोग उतरल्याचे पक्के एक जरी उदाहरण सापडले, तरी एक्सची वाट सोडून द्यावी. यात एकच पळवाट आहे: त्या मुलाची आई स्वतः वाहक असेल तर मुलाचा रोग आईकडून आलेला असतो, आणि नात्यातल्या लग्नांत असे घडू शकते.

निरोगी पुरुष या वाटेने रोग पुढे नेऊ शकत नाही. राणीचा थोरला मुलगा सातवा एडवर्ड निरोगी होता; म्हणून त्याच्या वंशातील इंग्लंडचे राजे या दोषापासून मुक्त राहिले.

येथवर निश्चित गोष्टी झाल्या. खरी कसोटी तेथे लागते, जेथे कागद निश्चित उत्तर देत नाही. अ‍ॅलिसच्या थोरल्या मुलीचे नावही व्हिक्टोरियाच. तिचा भाऊ फ्रीडरिख रोगी आणि आई वाहक. म्हणून जन्मतः ती वाहक असण्याचा संभव निम्मा. तिला दोन मुलगे झाले. दोघेही निरोगी. धाकटा म्हणजे लुई माउंटबॅटन, जो १९४७ मध्ये हिंदुस्थानचा शेवटचा व्हॉइसरॉय होता. मुलगे निरोगी निघाले यावरून ती वाहक नव्हती असे सिद्ध होते काय? होत नाही, वाहक स्त्रीचे दोन्ही मुलगे केवळ दैवाने वाचू शकतात. परंतु तिच्यावरचा संशय मात्र कमी व्हावयास हवा. तो किती, हे असे काढतात.

अशाच स्थितीतील आठ स्त्रिया कल्पाव्यात. त्यांपैकी चार वाहक आणि चार दोषमुक्त असतील. प्रत्येकीला दोन मुलगे झाले आहेत. दोषमुक्त चौघींचे मुलगे अर्थातच सर्व निरोगी. वाहक चौघींपैकी मात्र दोन्ही मुलगे निरोगी असण्याचे भाग्य सरासरीने एकीलाच लाभेल. उरलेल्या तिघींचा एक तरी मुलगा रोगी निघेल आणि त्यांचे गुपित फुटेल. आता ज्यांचे दोन्ही मुलगे निरोगी आहेत अशा स्त्रिया मोजाव्यात: चार दोषमुक्त आणि एक वाहक, मिळून पाच. म्हणून या व्हिक्टोरियाच्या वाहकतेचा संभव निम्म्यावरून पाचांत एक एवढा उतरला. तिसराही मुलगा निरोगी असता, तर तो नवांत एकावर आला असता. प्रत्येक निरोगी मुलाबरोबर संशय घटतो, पण केवळ मोजणीने तो कधीही शून्य होत नाही.

तिच्या मुलीचा मुलगा प्रिन्स फिलिप हा पुढे इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा पती झाला. त्याच्या आजीविषयी पाचांत एक एवढा संशय उरला असला, तरी फिलिप स्वतः निरोगी पुरुष असल्याने त्याच्या मुलाबाळांपुरता तो संशय समूळ मिटतो. संभवाचे गणित कोठे करावे आणि कोठे त्याची गरजच नाही, हे या दोन पिढ्यांवरून स्पष्ट व्हावे. परीक्षेतील प्रश्नांत नेमकी हीच गल्लत होते: निरोगी मामाच्या मुलांना धोका किती, असे विचारले असता विद्यार्थी अपूर्णांकांचे गुणाकार करू लागतो, आणि उत्तर मात्र शून्य असते.

मग हा दोष व्हिक्टोरियाकडे आला कोठून? तिचा बाप, केंटचा ड्यूक, हा हिमोफिलियाचा रोगी नव्हता. आईच्या पूर्वीच्या नवऱ्यापासून झालेल्या अपत्यांत आणि माहेरीही या रोगाचा मागमूस नाही. सर्वांत संभवनीय उलगडा असा की, दोष नव्यानेच उपजला. आणि तिच्या जन्माच्या वेळी बाप एकावन्न वर्षांचा असल्याने तो बापाच्या बीजात उपजला असावा, असे पुष्कळांचे मत आहे. बापाचे वय वाढते तसे अशा नव्या बदलांचे प्रमाण वाढते, हे आता चांगले ठाऊक आहे. म्हणूनच, घराण्यात पूर्वी कोणाला रोग नव्हता एवढ्यावरून तो आनुवंशिक नाही असे म्हणता येत नाही. उलट, एकुलत्या रोगी मुलाची आई वाहक असलीच पाहिजे, असेही त्यावरून ठरत नाही. दोष त्या मुलातच नवा असू शकतो. व्हिक्टोरियाचा एकच मुलगा रोगी होता, तरी ती वाहक ठरते ती तिच्या दोन मुलींच्या संततीमुळे. लिओपोल्ड एकटाच असता, तर कागदावरून निर्णय झाला नसता.

वंशावळीला आणखी एक गोष्ट सांगता येत नाही. हिमोफिलियाचे मुख्य प्रकार दोन. एकात रक्त साखळविणारा आठवा घटक नसतो, दुसऱ्यात नववा. १९५२ मध्ये हे दोन निराळे म्हणून ओळखले गेले. आठव्याच्या उणिवेचा प्रकार पुष्कळच अधिक आढळतो. परंतु दोन्ही घटकांची जनुके एक्स सूत्रावरच असल्याने दोन्हींच्या वंशावळी हुबेहूब सारख्या दिसतात. व्हिक्टोरियाच्या घराण्यातील रोग कोणता होता, हे शंभराहून अधिक वर्षे कोणालाही निश्चित सांगता आले नाही. रोग्याचा उपचार मात्र या उत्तरावरच अवलंबून असतो; कारण ज्या घटकाची उणीव, तोच घटक द्यावा लागतो.

उत्तर मिळाले ते अस्थींतून. अलेक्सेई आणि त्याचे आईबाप व बहिणी यांना जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबर्ग येथे ठार करण्यात आले होते. कुटुंबातील बहुतेकांच्या अस्थी १९९१ मध्ये उकरून काढण्यात आल्या. अलेक्सेई आणि त्याची एक बहीण यांच्या अस्थी २००७ मध्ये मिळाल्या. त्यांतील जनुकद्रव्याची परीक्षा होऊन २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नवव्या घटकाच्या जनुकात एका अक्षराचा बदल आढळला. सम्राज्ञी अलेक्झांड्राच्या दोन प्रतींपैकी एकीत तो होता. अलेक्सेईच्या एकमेव प्रतीत तो होता. आणि चार मुलींपैकी एकीच्याही एका प्रतीत तो सापडला. कागदावर आईच्या वर्तुळात जो ठिपका तर्काने दिला होता, तो अस्थींनी खरा ठरविला. मुलीच्या वर्तुळात मात्र तो नव्यानेच पडला. तिला संतती झाली नाही. म्हणून ती वाहक होती हे केवळ वंशावळीवरून कोणालाही कळले नसते.

आज अशी परीक्षा जिवंत व्यक्तीच्या थोड्या रक्तावर होते आणि “पाचांत एक” असे अधांतरी उत्तर घेऊन राहण्याची पाळी फारशी येत नाही. तरीही कोणाचे रक्त तपासावे आणि त्यात काय शोधावे हे ठरविण्यासाठी आधी कागदच लागतो. शिवाय, वाहक स्त्री पूर्णपणे निरोगीच असेल असेही नाही. काहींच्या रक्तात तो घटक इतका उणा असतो की, दात काढताना किंवा बाळंतपणात त्यांनाही अधिक रक्तस्राव होतो. म्हणून अशा घरातील स्त्रियांच्या घटकाचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी मोजून घेणे इष्ट असते.

घरात असा एखादा रोगी असेल, तर वैद्याकडे जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून न्याव्यात. रोग्याच्या आईचे सर्व भाऊ आणि त्यांतील कोणी लहानपणी दगावला असल्यास त्याचे कारण, आईच्या बहिणींचे सर्व मुलगे, आजीचे भाऊ, आणि नवराबायकोचे लग्नापूर्वीचे नाते. आजोळची ही माहिती छापील कुलवृत्तांतात बहुधा मिळणार नाही. घरातील एखाद्या वृद्ध आजीला किंवा मावशीला विचारली, तर “त्या पोराचे रक्त थांबतच नसे” असे एखादे वाक्य तिच्या तोंडून निघते, आणि वंशावळीतील एक कोरा चौकोन काळा होतो.